प्रतिमासंचाची विभागणी आणि अचूकतेचा आभास

समजा, रोगनिदानासाठी ४० रोपांच्या पानांची २०० छायाचित्रे उपलब्ध आहेत. प्रत्येक छायाचित्र फिरवून वा उलटवून त्याची आणखी चार रूपे केली, की संख्या १,००० होते. हा वाढीव संच यदृच्छया ८०:२० असा विभागल्यास, परीक्षणातील प्रतिमेची चारही भावंडे परीक्षणातच पडण्याची शक्यता ०.२ चा चतुर्घात, म्हणजे सुमारे ०.१६ टक्के उरते. परिणामी प्रतिमान रोगाऐवजी ओळखीचे पानच ओळखते आणि अचूकता फुगते.

म्हणून प्रथम रोपे विभागावीत : ३२ प्रशिक्षणास, ८ परीक्षणास, रूपे केवळ प्रशिक्षणातील छायाचित्रांचीच करावीत. मात्र आठच रोपांवरील आकडा अस्थिर असतो. यास्तव रोपांचे पाच गट करून प्रत्येक गट आळीपाळीने परीक्षणास ठेवावा. तेव्हाही सरासरी अचूकता पुष्कळ घटली, तर पूर्वीच्या आकड्यात गळतीचा अंश होता, असे समजावे.