काळ्या गाडीच्या दारावर उरलेले आवार

विक्रेत्याच्या आवारात काढलेल्या फोटोतली पार्श्वभूमी बदलली, की गाडीच्या मागचे आवार जाते; दारांवरचे तसेच राहते. कारण चकचकीत दारावर दिसते ते कॅमेऱ्याच्या पाठीमागचे दृश्य असते: समोरच्या रांगेतल्या गाड्या, विजेचा खांब, कधी खुद्द फोटो काढणारा. बॉनेट आणि टपावर आकाश उतरते. मग मागे स्वच्छ शोरूम आणि दारावर खांब, अशी विसंगती नजरेला लगेच खटकते.

हे प्रतिबिंब रंगावरच्या पारदर्शक लाखेच्या थरातून येते. हा थर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परतवतो. तिरप्या कोनातून मात्र कितीतरी जास्त. पांढऱ्या गाडीवर ते बरेचसे लपून जाते. काळ्या गाडीवर मुख्यतः तेच दिसते, म्हणून खरी कसोटी काळ्या गाडीवर लागते.

समजा, फोटोत काळी सेडान आहे आणि तिचा पुढचा कोपरा व एक बाजू दिसते. फोटोशॉपमध्ये पेन टूलने तिची बाह्यरेषा आखली जाते. काचांतून जुने आवार आरपार दिसत असते, म्हणून त्या वेगळ्या लेयरवर घेऊन मागे नवी पार्श्वभूमी भरावी लागते. काचेची मूळ छटा तेवढी राखायची. मग प्रत्येक दार, फेंडर आणि बॉनेट स्वतंत्रपणे निवडायचे, म्हणजे मधल्या फटी पुसल्या जात नाहीत. खांब झाकायला शेजारचा तुकडा क्लोन करण्याचा मोह होतो, पण त्याने पत्र्याची गोलाई मोडते. त्याच दाराच्या स्वच्छ भागातून वरचा, मधला आणि खालचा रंग उचलून मऊ ब्रशने हळूहळू मिसळणे अधिक चांगले.

यानंतर शोरूमचा प्रकाश चढवायचा. छतावरच्या लांब दिव्यांची पांढरी पट्टी खिडक्यांखालच्या कडेने पुढच्या फेंडरपासून मागच्यापर्यंत सलग धावते आणि गोलाईबरोबर वळते. प्रतिबिंब म्हणजे रंगात मिसळलेला जादा प्रकाश, म्हणून ही पट्टी स्क्रीन मोडमध्ये ठेवतात. दाराचा खालचा भाग अनेकांकडून सुटतो: तिथे पूर्वी काळे डांबर उमटले होते, आता फिकट फरशी उमटायला हवी. ब्रश फिरवलेली जागा प्लास्टिकसारखी गुळगुळीत दिसली, तर मूळ फोटोइतका बारीक दाणा त्यावर टाकावा.

फरशीवरचे प्रतिबिंब गाडी उलटी करून चिकटवल्याने जमत नाही. या कोनात पुढची आणि मागची चाके फोटोत वेगवेगळ्या उंचीवर टेकतात, त्यामुळे पुढचा भाग आणि बाजू वेगळी उलटवून टायरशी जुळवावी लागते. टायरखालची सावली टेकण्याच्या जागी सर्वांत गडद ठेवली नाही, तर गाडी तरंगते.

जुन्या गाडीच्या बाबतीत एक मर्यादा पाळायलाच हवी. पत्र्यातला पोचा वाकड्या झालेल्या प्रतिबिंबामुळेच दिसतो. प्रतिबिंब साफ केले की पोचाही पुसला जातो आणि ग्राहकाची फसवणूक होते. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी असे भाग मूळ फोटोत खुणावून घ्यावेत, आणि नवी पट्टी तिथे आल्यावर तीही वाकवावी.