चरबीत साठणारी गुंगी

मिडाझोलम हे अतिदक्षता विभागात रुग्णाला गुंगीत ठेवण्यासाठी वापरले जाणारे औषध रक्तातून चरबीत सहज शिरते. शिरेतून दिल्यावर ते आधी मेंदूत पोहोचते, कारण मेंदूला रक्ताचा पुरवठा भरपूर असतो. चरबीला रक्त कमी मिळते, म्हणून तिथे औषध सावकाश जमा होते. एका मात्रेने फारसे साठत नाही, पण पंपाने तासन्‌तास देत राहिल्यास चरबीत मोठा साठा होतो. औषध थांबवले की हाच साठा हळूहळू रक्तात परत येतो आणि गुंगी लांबते.

औषधाचा निचरा मात्र चरबी करत नाही, ते काम यकृताचे आहे. वजन दुप्पट झाले म्हणून यकृताची ही क्षमता दुप्पट होत नाही. स्थूल आणि सडपातळ व्यक्तींत मिडाझोलमचा निचरा जवळपास सारखाच आढळला आहे. रक्तातील पातळी निम्म्यावर येण्यास सडपातळ व्यक्तीत सुमारे अडीच तास लागतात, तर अतिस्थूल व्यक्तीत सहा ते आठ तास लागू शकतात. निचऱ्याचा वेग तोच असला तरी साठा मोठा असल्याने हा काळ वाढतो.

वजनावर आधारलेला हिशेब इथेच फसतो. समजा, १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे वजन १४० किलो आहे. त्याच्या उंचीला साजेसे वजन सुमारे ६६ किलो येते. तासाला दर किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम द्यायचे ठरले, तर प्रत्यक्ष वजनाने ७ मिलिग्रॅम आणि आदर्श वजनाने ३.३ मिलिग्रॅम होतात. दीर्घकाळ एकाच वेगाने दिल्यास रक्तातील पातळी औषध देण्याचा वेग आणि निचरा यांवरच ठरते. निचरा सारखा असल्याने पहिल्या हिशेबात पातळी दुपटीहून वर जाते. म्हणून पंपाचा वेग आदर्श वजनावरून ठरवणे सुरक्षित असते.

दुसरा धोका वेळेचा आहे. पातळी स्थिर व्हायला ती निम्म्यावर येण्याच्या काळाच्या सुमारे पाचपट वेळ लागतो. सडपातळ रुग्णात हे बारा तासांत होते, तर या रुग्णात दीड दिवस लागू शकतो. दरम्यान गुंगी अपुरी वाटली म्हणून वेग वाढवला, तर वाढीचा पूर्ण परिणाम पुढच्या दिवशी दिसतो. त्यामुळे गुंगी कमी पडल्यास पंपाचा वेग वाढवण्याऐवजी आधी छोटी जादा मात्रा देऊन परिणाम पाहतात.

औषध साचत असल्यास पंपाचा वेग तोच असताना गुंगी गडद होत जाते, हाकेला प्रतिसाद मंदावतो आणि औषध बंद केल्यावरही रुग्ण लवकर जागा होत नाही. झोपेत श्वास अडण्याचा त्रास स्थूल व्यक्तींत अधिक आढळतो, त्यामुळे व्हेंटिलेटर काढल्यावर ही उरलेली गुंगी घातक ठरू शकते. यासाठी गुंगीची पातळी ठरलेल्या मापनश्रेणीने वारंवार तपासतात आणि शक्य असेल तेव्हा औषध रोज काही काळ थांबवून रुग्ण जागा होतो का, हे पाहतात. मूत्रपिंड निकामी झाले असल्यास अधिक सावध राहावे लागते, कारण मिडाझोलमपासून बनणारा गुंगी आणणारा घटकही तेव्हा शरीरात साचतो.