घोटभर पाणी आणि गळ्यावरची गाठ

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाची सर्जरीची प्रॅक्टिकल परीक्षा असली की खाटांच्या रांगेत गळ्याला गाठ असलेला एक तरी पेशंट बहुधा असतोच. तो हिंडता-फिरता असतो, त्याला दुखत-खुपत नसतं, आणि एवढ्याशा गाठीवर परीक्षक अर्धा तास प्रश्न विचारू शकतो. त्यातले काही प्रश्न मी इथे सांगणार आहे. आपल्या गळ्याला हात लावणारा डॉक्टर नेमकं काय शोधतोय, हे त्यातून वाचकाला कळेल.

समजा, पेशंट 42 वर्षांच्या एक बाई आहेत. गळ्याच्या उजव्या बाजूला दोन वर्षांपासून गाठ आहे. मंगळसूत्र घालताना हाताला लागली म्हणून लक्षात आली. दुखत नाही, आवाज बदललेला नाही, गिळायला त्रास नाही. विद्यार्थ्याने त्यांना स्टुलावर उजेडाकडे तोंड करून बसवलं आहे, पदर आणि गळ्यातलं बाजूला करायला सांगितलं आहे आणि हातात पाण्याचा पेला दिला आहे.

पहिला प्रश्न इथेच येतो: “पाणी कशाला?”

“सर, गिळताना गाठ वर सरकते का ते पाहायला.”

“का सरकावी?”

पाठांतर करून आलेली मुलं इथे अडखळतात. थायरॉईड ग्रंथी श्वासनलिकेच्या पुढच्या बाजूला बसलेली असते. तिच्याभोवतीचं पातळ आवरण मागच्या बाजूला जाड होऊन स्वरयंत्राच्या खालच्या कूर्चेला घट्ट चिकटलेलं असतं. आपण घोट गिळतो तेव्हा स्वरयंत्र वर उचललं जातं आणि त्याला बांधलेली ग्रंथीही वर जाते. म्हणून घोटाबरोबर वर गेलेली गाठ बहुतेक वेळा थायरॉईडचीच असते. चरबीची गाठ किंवा मानेच्या कडेचं अवधाण अशा वेळी जागचं हलत नाही.

पण परीक्षक “बहुतेक वेळा” हे शब्द सोडत नाही. “आणखी काय हलतं?” मानेच्या मधोमध, हायॉइड हाडाच्या आसपास, जन्मापूर्वीच्या एका नळीच्या अवशेषातून पाण्याची गाठ होते. थायरॉईड गर्भावस्थेत जिभेच्या मुळाशी तयार होऊन खाली मानेत उतरते, तिच्या वाटेची ही नळी. हीसुद्धा गिळताना वर जाते. ती ओळखायची एक सोपी चाचणी आहे. तोंड उघडं ठेवून, जबडा न हलवता, पेशंटला जीभ बाहेर काढायला सांगायची. नळीची गाठ जिभेबरोबर वर ओढली जाते, थायरॉईडची नाही.

या पाहणीत सर्वांत जास्त बिघडते ती घोट देण्याची पद्धत. नुसतं “गिळा” म्हटलं की कोरड्या घशाने पेशंट एकदाच गिळतो आणि तेव्हा विद्यार्थी पेशंटच्या चेहऱ्याकडे पाहत असतो. “मावशी, घोट तोंडात धरून ठेवा, मी सांगितल्यावर गिळा,” असं म्हणून नजर गाठीच्या खालच्या कडेवर ठेवायची. कडा वर येऊन स्पष्ट दिसली, तर गाठ मानेतच संपते. ती दिसलीच नाही आणि बोटालाही लागली नाही, तर गाठ छातीच्या हाडामागे उतरलेली असू शकते. अशा वेळी दोन्ही हात वर करून कानांना टेकवायला लावतात आणि मिनिटभर तसेच धरायला सांगतात. छातीत उतरलेली गाठ वरच्या शिरा दाबत असेल, तर चेहरा लाल-निळसर होतो, दम लागतो. आणि गाठ गिळताना हललीच नाही तर? ती फार मोठी असेल किंवा आजूबाजूला चिकटली असेल. चिकटण्याचं एक कारण कर्करोग आहे, त्यामुळे या उत्तरावर घाई करता येत नाही.

आमच्या बाईंची गाठ छान वर गेली, खालची कडा दिसली. आता हात लावायचा.

“पेशंटच्या मागे का उभा राहिलास?” मागून दोन्ही हातांची बोटं एकाच वेळी दोन्ही बाजूंवर सारखी टेकतात, म्हणून. त्याआधी पेशंटला सांगायचं की मी मागून गळ्याला हात लावणार आहे. न सांगता मागून कुणी गळा धरला तर माणूस दचकतो, मान ताठ होते आणि हाताला काहीच नीट लागत नाही. मान मागे नाही, किंचित पुढे वाकवायची. त्याने पुढचे स्नायू सैल पडतात. अंगठे मानेच्या मागे आणि बोटं पुढे ठेवून पुन्हा एक घोट गिळायला लावायचा, म्हणजे ग्रंथी आपणहून बोटांखालून सरकते.

मग पुढून तपासायचं. एका बाजूचा भाग हलकेच ढकलला की दुसऱ्या बाजूचा उठून हाताला येतो. अमेरिकन सर्जन लेही यांच्या नावाने ही पद्धत शिकवली जाते. अगदी लहान गाठीसाठी अंगठा ग्रंथीवर ठेवून गिळायला लावतात, ती क्राइल यांची. नावं विसरली तरी चालतील, पण हात तसाच फिरला पाहिजे.

बाईंच्या उजव्या बाजूला सुमारे 3 सेंटिमीटरची, गुळगुळीत, घट्टसर गाठ लागली. श्वासनलिका मध्यावर होती, मानेच्या कडेला अवधाणं नव्हती. विद्यार्थी म्हणाला, “एकच गाठ आहे, सर.”

“नक्की?”

या एका शब्दात या परीक्षेचं सार आहे. हाताला एकच लागलेल्या गाठींपैकी बऱ्याच वेळा ती अनेक गाठींतली सर्वांत मोठी असते. साधारण 1 सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ अनुभवी हातालाही सहसा लागत नाही. म्हणून “हाताला एकच लागते” एवढंच बरोबर उत्तर.

तसंच कठीणपणाचं. कठीण, खडबडीत, चिकटलेली गाठ संशय वाढवते. पण आत द्रव ताणून भरलेली साधी गाठही दगडासारखी लागते, जुन्या गाठीत चुना साचतो, आणि उलट काही कर्करोगाच्या गाठी आत द्रव साचून मऊ लागतात. बोटं शंका मांडतात, निदान पक्कं करत नाहीत. त्यामुळे शेवटचा प्रश्न ठरलेला: पुढे काय? रक्तातलं टीएसएच, मानेची सोनोग्राफी आणि सोनोग्राफीत जिथे गरज दिसेल तिथे सुईने पेशी काढून तपासणी. टीएसएच कमी आलं तर सुईआधी थायरॉईडचा स्कॅन, कारण जास्त हार्मोन तयार करणारी गाठ क्वचितच कर्करोगाची असते.

आमच्या उदाहरणात टीएसएच नॉर्मल आलं. सोनोग्राफीत डाव्या बाजूला आणखी दोन बारीक गाठी दिसल्या, ज्या कोणाच्याच हाताला लागल्या नव्हत्या. मोठ्या गाठीच्या सुईतपासणीत साध्या पेशी निघाल्या. ऑपरेशनची गरज नव्हती. वर्षभराने पुन्हा सोनोग्राफी करायला सांगून बाईंना घरी पाठवलं, असा या केसचा शेवट.

घरी आरशासमोर पाण्याचा घोट गिळून आपलाच गळा पाहायला काही हरकत नाही. पण काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत राहू नका, आणि दिसलं म्हणून घाबरून जाऊ नका, कारण थायरॉईडच्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. मात्र गाठ भराभर वाढत असेल, आवाज तीन आठवडे उलटूनही बसलेलाच असेल, किंवा गिळायला-श्वास घ्यायला अडचण होत असेल, तर थांबू नका, सर्जनला गळा दाखवा.