उपाशीपोटीची साखर येते कुठून?
शरीराचा कारभार : लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण अन्नाचे पचन पाहिले. भाकरीतल्या पिठूळ पदार्थाची शेवटी ग्लुकोज नावाची साखर होते आणि ती आतड्यातून रक्तात उतरते, तिथे आपण थांबलो होतो. आज तिथून पुढे जाऊ.

सुरुवातीला एक प्रश्न. माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावात तपासणी शिबिर लागले की तो हमखास कानावर येतो. "रात्री आठला जेवलो, त्यानंतर पाण्याशिवाय काही घेतलं नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा पितो. मग सकाळी उपाशीपोटी शुगर १५० कशी निघाली?" विचारणाऱ्याला मशीन बिघडल्याची शंका असते, किंवा घरच्यांना त्याने चोरून गोड खाल्ल्याची. दोन्ही शंका बहुधा चुकीच्या असतात. ही साखर त्याच्या स्वतःच्या यकृताने रात्रीतून रक्तात सोडलेली असते. ती का सोडली आणि गरजेपेक्षा जास्त का सोडली, हे समजले की मधुमेहाचा गाभाच हाती लागतो.

समजा, एक पंचेचाळिशीचा शेतकरी आहे. वजन ६० किलो, अंगाने सडपातळ. आधी तो निरोगी आहे असे धरू. रात्री आठला त्याने ज्वारीच्या दोन भाकरी, पिठले आणि वाटीभर भात खाल्ला. या जेवणातून ढोबळमानाने १२० ग्रॅम ग्लुकोज तयार होईल. जेवायला बसला तेव्हा त्याच्या साऱ्या रक्तात मिळून ग्लुकोज होते फक्त चार-पाच ग्रॅम, म्हणजे एक चमचाभर. रक्त आणि पेशींच्या भोवतीचे पाणी मिळून सुमारे १२ लिटर द्रवात हे ग्लुकोज पसरते. जेवणातले १२० ग्रॅम तिथेच साचून राहिले असते, तर साखरेचा आकडा १००० मिलिग्रॅमने चढला असता. प्रत्यक्षात निरोगी माणसाचा आकडा तास-दीड तासात १३०-१४० पर्यंत जातो आणि पुन्हा शंभराच्या आसपास येतो.

हे घडते ते स्वादुपिंडातल्या बीटा पेशींमुळे. जठराच्या मागे असलेल्या या ग्रंथीत त्यांचे छोटे छोटे पुंजके विखुरलेले असतात. रक्तातले ग्लुकोज वाढले की ते या पेशींत शिरते आणि तिथे जळते. त्यातून निर्माण झालेल्या ऊर्जेमुळे पेशीच्या आवरणातली पोटॅशियमची वाट बंद होते, कॅल्शियमची वाट उघडते आणि आधीच तयार करून ठेवलेले इन्सुलिन बाहेर पडते. पहिला लोट काही मिनिटांतच येतो. त्यानंतर जेवण पचेपर्यंत इन्सुलिन संथपणे स्रवत राहते.

हे इन्सुलिन आधी कुठे जाते, हे महत्त्वाचे आहे. स्वादुपिंडाचे रक्त थेट यकृताकडे वाहत असल्यामुळे इन्सुलिन सर्वांत आधी यकृताला भेटते आणि त्यातले निम्मे तिथेच खर्ची पडते. उरलेले स्नायूंपर्यंत आणि चरबीपर्यंत पोहोचते. स्नायूंना ते ग्लुकोज आत घ्यायला लावते. यकृताला मात्र त्याचे दोन निरोप असतात : आलेली साखर साठव आणि स्वतःची साखर सोडणे थांबव. उपाशीपोटीच्या आकड्यासाठी या दोन निरोपांपैकी दुसरा अधिक मोलाचा.

यकृत म्हणजे शरीराचे पेव. सुगीत भरायचे आणि गरज पडेल तसे उपसायचे. यात सुमारे १०० ग्रॅम ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात मावते. मध्यरात्रीनंतर आतड्यातली आवक थांबते, पण मेंदू झोपेतही तासाला चार-पाच ग्रॅम ग्लुकोज मागतो. तांबड्या रक्तपेशींना तर दुसरे इंधनच चालत नाही. म्हणून यकृत उपसायला लागते. आपल्या साठ किलोच्या शेतकऱ्याचे यकृत तासाला सात ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज रक्तात सोडते. त्यातला काही भाग साठ्यातून येतो, काही भाग स्नायूंकडून आलेल्या लॅक्टिक आम्लापासून आणि प्रथिनांच्या तुकड्यांपासून नव्याने बनतो. रात्रीच्या वेळी इन्सुलिन कमी असते, पण शून्य नसते. ग्लुकॅगॉन नावाचे दुसरे संप्रेरक यकृताला 'आणखी सोड' म्हणते आणि ते थोडेसे इन्सुलिन 'पुरे' म्हणते. या ओढाताणीतून खर्च होईल तितकीच साखर बाहेर पडते आणि सकाळी आकडा नव्वदच्या घरात राहतो.

आता हाच शेतकरी मधुमेही आहे असे धरू. याच्या यकृतात चरबी साचली आहे, त्यामुळे इन्सुलिनचा निरोप तिथे नीट लागू पडत नाही. त्याच्या बीटा पेशीही थकल्या आहेत. जेवणानंतरचा तो पहिला लोट टाइप २ मधुमेहात फार लवकर हरवतो. त्यामुळे रात्री जेवण उतरत असतानाही यकृत आपली साखर सोडतच राहते आणि आकडा दोनशेपार जातो. पहाटे कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढतात व ती यकृताला आणखी चेतवतात. निरोगी माणसात इन्सुलिन थोडे वाढून हे सावरून घेते. इथे तेवढे इन्सुलिनच उरलेले नसते.

यात जादा साखर किती लागते? आकडा १०० वरून १५० वर न्यायला बारा लिटर द्रवात फक्त सहा ग्रॅम ग्लुकोज पुरते, म्हणजे दीड चमचा. रात्रभरात यकृताचा हात एवढासा जरी सैल सुटला, तरी सकाळचा आकडा बदलतो. रात्रीचे जेवण टाळूनही तो उतरत नाही याचे कारण हेच.

याचा लख्ख पुरावा मधुमेहाच्या इतिहासातच आहे. टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्ती बीटा पेशी नष्ट करते आणि इन्सुलिन जवळजवळ उरतच नाही. इन्सुलिनचा शोध लागण्याआधी अशा मुलांना अक्षरशः उपाशी ठेवत. त्यांचे आयुष्य काही महिन्यांनी लांबायचे, पण आजार सुटत नसे. अडवणारे कोणी नसल्यामुळे यकृत अंगातले मांस झिजवून साखर बनवत राही आणि चरबीपासून आम्लयुक्त कीटोन तयार होऊन मूल बेशुद्ध पडे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोला लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले, आणि जे उपासाने साधले नव्हते ते इन्सुलिनने साधले. आजही टाइप १ च्या मुलाने ताप आला, जेवण गेले म्हणून इन्सुलिन बंद केले, तर एक-दोन दिवसांत हीच अवस्था येऊ शकते.

आपला शेतकरी तर लठ्ठ नाही, दिवसभर राबतो. मग त्याच्या यकृतात चरबी आली कुठून? याचे उत्तर शोधण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम मोठे आहे. १९९३ पासून त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवतींची आणि पुढे त्यांच्या मुलांची नोंद ठेवली. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण ही आठशे ग्रॅमची तूट साऱ्या शरीरात सारखी वाटलेली नव्हती. पुण्याच्या बाळांत स्नायू आणि पोटातले अवयव कमी भरले होते, पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र बरीचशी शाबूत होती. दिसायला हडकुळे, आतून चरबीचे.

मोठेपणी हे कसे दिसते, ते याज्ञिकांनी स्वतःच्याच शरीरावर दाखवले. २००४ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापून आले. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक २२.३, म्हणजे अगदी प्रमाणात. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही, पोटाच्या घेरावर टेप लावली तर दिसतो. शिवाय जेवणानंतरची साखर सर्वांत जास्त घेणारे स्नायूच कमी आणि बीटा पेशींची ताकद मुळातच बेताची, म्हणून अशा शरीरात थोडी चरबी वाढली तरी तोल जातो.

आता पुन्हा त्या शिबिराच्या रांगेत येऊ. आठ तास उपाशी राहिल्यावरची साखर १०० च्या खाली असेल तर ती ठीक, १०० ते १२५ असेल तर उंबरठ्यावरची, आणि १२६ किंवा जास्त असेल तर मधुमेह. पण त्रास काहीच नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून खात्री करायची. बोटातले रक्त घेणारे यंत्र अंदाजासाठी चांगले, निदानासाठी शिरेतले रक्तच हवे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी रक्त कमी असलेल्या बाईत फसवू शकते. लोहाच्या कमतरतेने तो आकडा खोटाच थोडा चढतो. गुडघेदुखीवर कुणी दिलेल्या बिननावाच्या पुडीत किंवा इंजेक्शनात स्टेरॉइड असेल, तर तेही साखर वाढवते. म्हणून अचानक चढलेल्या आकड्यामागे दुसरे कोणते औषध चालू आहे, हे डॉक्टरांना सांगितले पाहिजे.

गोळ्यांचे कामही आता उलगडेल. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृताचा हा रात्रीचा उपसा कमी करते. म्हणून 'काल गोड खाल्लं नाही, गोळी कशाला' हा हिशेब चुकतो. ग्लिमेपिराइड मात्र बीटा पेशीतली पोटॅशियमची तीच वाट बंद करते आणि पोटात अन्न असो वा नसो, इन्सुलिन बाहेर काढते. ती गोळी घेऊन कडक एकादशी धरली, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते : दरदरून घाम, हातांना कंप, धडधड, बोलण्यात गोंधळ. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठायचा. उलट एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तर तो जवळपास निव्वळ पिठूळ पदार्थ असल्याने आकडा भाकरीच्या जेवणापेक्षाही वेगाने चढतो. उपास धरण्याआधी गोळीची मात्रा डॉक्टरांशी बोलून ठरवावी ती याचसाठी.

एक वाट मात्र इन्सुलिनवर फारशी अवलंबून नाही. चालता स्नायू इन्सुलिनचा निरोप न येताही ग्लुकोज आत ओढतो. म्हणूनच दिवसभर शेतात राबलेल्या माणसालाही रात्रीच्या जेवणानंतरची पंधरा-वीस मिनिटांची चाल वेगळी उपयोगी पडते. सकाळच्या कष्टाने रात्रीची भाकरी जिरत नाही.

पुढील लेखांकात : साखर १८० च्या वर गेली की ती लघवीत का उतरते, आणि मूत्रपिंडाला त्याची काय किंमत मोजावी लागते.