कामावर परतायची चिठ्ठी

टीबीचे उपचार संपवून कामगार कारखान्याच्या गेटवर येतो, तेव्हा सगळ्यात आधी त्याच्याकडे फिट सर्टिफिकेट मागतात. बहुतेक वेळा त्यात एकच ओळ असते: अमुक तारखेपासून कामावर रुजू होण्यास हरकत नाही. ताप किंवा कावीळ असेल तर एवढ्यावर भागतं. टीबीच्या बाबतीत ही ओळ वाचून कुणाचंच समाधान होत नाही. कंपनीच्या डॉक्टरांना छातीचा एक्स-रे हवा असतो, शेजारच्या मशीनवरच्याला आपल्याला लागण होईल का याची काळजी असते आणि मॅनेजरला हा माणूस पूर्वीसारखं काम करू शकेल का ते हवं असतं. ही सगळी उत्तरं चिठ्ठीत नसली की कामगाराला पुन्हा घरी पाठवतात.

एक उदाहरण घेऊ. ओतकाम करणाऱ्या कारखान्यात छत्तीस वर्षांचा एक कामगार आहे. त्याचं काम फेटलिंगचं, म्हणजे साच्यातून निघालेल्या कास्टिंगला चिकटलेली वाळू आणि जादा धातू ग्राइंडरने काढून टाकण्याचं. दीड महिना खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरून ४७ किलोवर आलेलं. थुंकीत जंतू सापडले, रिफाम्पिसिनला जंतू दाद देतात हेही तपासणीत दिसलं आणि ६ जानेवारीला रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिले ५६ दिवस चार औषधं, पुढचे ११२ दिवस तीन. मार्चच्या सुरुवातीला थुंकी तपासली तेव्हा जंतू नव्हते. २२ जूनला शेवटचा डोस झाला, पुन्हा थुंकी तपासली, ती निगेटिव्ह आली. वजन ५४ किलो झालं. निक्षय नोंदीत निकाल पडला: 'बरा झाला'.

आता चिठ्ठी. तिला दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात आणि ती एकात एक मिसळली की घोळ होतो. पहिला प्रश्न, या माणसापासून इतरांना लागण होईल का? दुसरा, तो त्याचं नेमकं काम करू शकेल का?

पहिल्याचं उत्तर या कामगाराच्या बाबतीत जूनमध्ये नव्हे, फार आधीच मिळालेलं होतं. जंतूंना लागू पडणारी औषधं सुरू झाली की माणसाची लागण देण्याची क्षमता झपाट्याने उतरते. नेहमीच्या टीबीत, रोजचा डोस न चुकवणाऱ्या आणि खोकला-ताप कमी होत चाललेल्या रुग्णासाठी साधारण दोन आठवड्यांचा काळ डॉक्टर धरत आले आहेत. खरा धोका होता तो निदानाआधीच्या दीड महिन्यात, जेव्हा तो शॉप फ्लोअरवर खोकत होता आणि कुणी हटकलं नव्हतं. म्हणून त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांची तपासणी जानेवारीतच व्हायला हवी. सहा महिन्यांनी तो परत येतो तेव्हा त्याला दूर बसवून, त्याचा पेला वेगळा ठेवून कुणाचंही रक्षण होत नाही. अंगात ताकद असेल तर औषधं चालू असतानाच त्याला हलक्या कामावर घेता आलं असतं. पूर्ण बरा होण्याआधीही माणूस कामासाठी फिट असू शकतो.

कंपनीच्या डॉक्टरांचं गाडं मात्र हमखास एक्स-रेवर अडतं. बरा झालेल्या टीबीचा व्रण फुप्फुसात राहतो, अनेकांच्या बाबतीत आयुष्यभर. फोटोत उजवीकडे वर डाग दिसला की शेरा पडतो, 'अनफिट'. पण डाग आहे म्हणजे जंतू जिवंत आहेत असं होत नाही. ते ठरतं थुंकीवरून आणि लक्षणांवरून. जीन तपासणारी सीबीनॅट चाचणीही इथे फसवू शकते, कारण मेलेल्या जंतूंच्या अवशेषांमुळेही ती उपचारानंतर काही काळ पॉझिटिव्ह येऊ शकते. चिठ्ठीत म्हणून एक वाक्य स्पष्ट हवं: एक्स-रेमधला डाग जुन्या आजाराचा व्रण आहे, चालू आजाराची खूण नाही. उपचाराच्या शेवटी काढलेला फोटो कामगाराने जपून ठेवावा. पुढच्या वर्षीच्या तपासणीत तुलनेला तोच उपयोगी पडतो.

आणखी एक अडचण येते. खोकला थांबल्यावर अनेकांना शेवटच्या तपासणीसाठी बेडकाच पडत नाही. अशा रुग्णाच्या नोंदीत 'बरा झाला' ऐवजी 'उपचार पूर्ण' लिहितात. हे वाचून ऑफिसला वाटतं, म्हणजे बरा झालेला नाही. तसं नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात दोन्ही निकाल यशस्वी उपचारांतच मोजले जातात आणि डॉक्टरांनी ते चिठ्ठीत एका ओळीत सांगून टाकावं.

दुसरा प्रश्न कामाचा. त्यासाठी डॉक्टरांनी आधी विचारायला हवं, तू नेमकं करतोस काय? ड्रायव्हर असेल तर डोळे तपासायला हवेत, कारण इथॅम्ब्युटॉल या औषधाने क्वचित नजर मंदावते आणि लाल-हिरव्यातला फरक कळेनासा होतो. वजन उचलणाऱ्याला जिने चढायला लावून दम किती लागतो, रक्तातला ऑक्सिजन किती उतरतो ते पाहावं आणि फुंकून करायची फुप्फुसाची चाचणी करावी. आपल्या फेटलिंगवाल्याची अडचण निराळीच आहे. त्याच्या कामात सिलिकाची धूळ उडते. ही धूळ फुप्फुसात साठली की सिलिकोसिस होतो आणि सिलिकोसिस झालेल्याला टीबीचा धोका कितीतरी वाढतो. त्याला 'फिट' म्हणून त्याच धुळीत परत पाठवणं मला तरी पटत नाही. नुसता मास्क देऊन हा प्रश्न सुटत नाही, त्याचा विभागच बदलायला हवा.

मग त्याची चिठ्ठी अशी असावी:

"श्री. … यांची मी २५ जून रोजी तपासणी केली. त्यांचे उपचार पूर्ण झाले असून शेवटच्या तपासणीचा निकाल निगेटिव्ह आहे. त्यांच्यापासून सहकाऱ्यांना संसर्गाचा धोका नाही. छातीच्या एक्स-रेमध्ये दिसणारा डाग जुना व्रण आहे. २७ जूनपासून पूर्ण वेळ कामासाठी ते फिट आहेत. त्यांना सिलिकाची धूळ असलेल्या विभागात काम देऊ नये. पहिले तीन महिने वीस किलोपेक्षा जास्त वजन उचलायला लावू नये. फेरतपासणी सप्टेंबरअखेर."

खाली डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक, तारीख आणि रुग्णाची ओळख पटवणारी खूण. अशा प्रमाणपत्रांची नोंदवही ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

या चिठ्ठीत आजाराचं नाव नाही, हे मुद्दाम. टीबीच्या रुग्णाची माहिती सरकारी आरोग्य यंत्रणेला कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे, पण मालक म्हणजे आरोग्य यंत्रणा नव्हे. आजाराचं नाव लिहायचं तर रुग्णाला विचारून. काही नोकऱ्यांत रजा मंजूर होण्यासाठी ते द्यावंच लागतं, तेव्हाही कागद बंद पाकिटात वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जावा. मधुमेह, एचआयव्ही किंवा इतर तपासण्यांचे निकाल मात्र मालकाच्या हाती जाण्याचं काहीच कारण नाही.

'पुन्हा कधीही होणार नाही' असंही डॉक्टर लिहून देऊ शकत नाहीत आणि ते कुणी मागूही नये. थोड्या रुग्णांत आजार उलटतो, बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत. म्हणून उपचारांनंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी ठरलेली असते. त्या दिवसाची सुट्टी कारखान्याने बिनबोभाट द्यावी. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत हे सगळं वेळापत्रक बदलतं आणि तिथे थुंकीच्या कल्चरच्या निकालाशिवाय चिठ्ठी देऊ नये.

तुमच्या घरातलं कुणी या चिठ्ठीसाठी खेटे घालत असेल, तर डॉक्टरांकडे जाताना निक्षय क्रमांक, सुरुवातीचा आणि शेवटचा थुंकीचा रिपोर्ट, दोन्ही एक्स-रे आणि कामाचं नेमकं वर्णन घेऊन जा. तरीही कंपनीने अनफिट ठरवलं तर कारण लेखी मागा आणि तो कागद सरकारी रुग्णालयातल्या छातीविकार तज्ज्ञांना दाखवा. टीबीविषयीच्या शंकांसाठी निक्षयचा निःशुल्क क्रमांक आहे १८००-११-६६६६.