केसरबाईंचा सूर आणि सर्वांत जवळचा तारा



'प्रकाशवर्ष' हा शब्द आता घरोघरी ऐकू येतो. परंतु तो वापरताना आपली एक गफलत हमखास होते. 'पुष्कळ प्रकाशवर्षांपूर्वी असे घडले' असे आपण सहज बोलून जातो. शब्दात 'वर्ष' आले म्हणून तो काळ असावा असे वाटते. वस्तुतः प्रकाशवर्ष हा काळ नव्हे. ते अंतर आहे. आपल्या कोकणात वाटसरूने गावाचे अंतर विचारले, तर 'तासाभराची वाट आहे' असे उत्तर मिळते. येथे तास हे माप काळाचे असले, तरी सांगितलेली गोष्ट वाटेची लांबी होय. मात्र असे उत्तर देताना चालणारा कोण, हे दोघांनीही मनात गृहीत धरलेले असते. पायी चालणाऱ्याचा तास निराळा आणि आगगाडीचा निराळा. प्रकाशवर्षात चालणारा ठरलेला आहे. तो म्हणजे प्रकाश. निर्वात पोकळीत त्याचा वेग कधी कमीअधिक होत नाही. म्हणूनच हे माप भरवशाचे ठरते.

प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. चंद्रावरून तो आपल्यापर्यंत सव्वा सेकंदात येतो. सूर्यावरून येण्यास त्यास आठ मिनिटे आणि वीस सेकंद लागतात. याच वेगाने तो वर्षभर अखंड चालला, तर जेवढी वाट होईल तेवढे एक प्रकाशवर्ष. किलोमीटरांत हा आकडा नऊ लाख शेहेचाळीस हजार कोटी भरतो. सूर्य सोडल्यास आपणांस सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी होय. तो सव्वाचार प्रकाशवर्षे, म्हणजे सुमारे चाळीस लाख कोटी किलोमीटर दूर आहे. हा तारा फार मंद असल्याने नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. परंतु त्याचा तेजस्वी सोबती अल्फा सेंटॉरी मे महिन्याच्या अखेरीस रात्री अकराच्या सुमारास कोकणातूनही दक्षिण क्षितिजाच्या दहाएक अंश वर दिसतो. त्याचा जो किरण त्या वेळी आपल्या डोळ्यांत शिरतो, तो तेथून चार वर्षे आणि चार महिन्यांपूर्वी निघालेला असतो.

आता प्रश्न असा, की मनुष्याने केलेले यान या वाटेवर किती वेळ घेईल? हे कल्पनेने सांगण्याची गरज नाही. सूर्यमाला सोडून ताऱ्यांच्या प्रदेशात गेलेले एक यान आज प्रत्यक्ष चालत आहे, आणि त्यात आपल्या मराठी मुलखाचाही वाटा आहे. ५ सप्टेंबर १९७७ रोजी अमेरिकेतून 'व्हॉयेजर १' हे यान सुटले. त्याच्या अंगावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची ध्वनिमुद्रिका बसविली आहे. पृथ्वीवरील अनेक भाषांतील अभिवादनांत तिच्यावर मराठी अभिवादन आहे. आणि संगीतात सुरश्री केसरबाई केरकर यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. केसरबाईंचा जन्म १८९२ साली गोव्यातील केरी येथे झाला. अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीत त्यांची गायकी घडली. यान सुटल्यावर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, त्या निवर्तल्या. त्यांचा सूर मात्र तेव्हापासून प्रवासात आहे. हा सूर सर्वांत जवळच्या ताऱ्याइतक्या अंतरावर केव्हा पोहोचेल, एवढेच आज पहावयाचे.

हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाचा आहे. व्हॉयेजरचा आजचा वेग सेकंदास सतरा किलोमीटर, प्रकाशाचा तीन लाख. तीन लाखांस सतराने भागिले, तर सुमारे सतरा हजार सहाशे येतात. म्हणजे प्रकाश जी वाट एका वर्षात चालतो, तीच चालण्यास या यानास सतरा हजार सहाशे वर्षे पाहिजेत. यास सव्वाचारांनी गुणिले की उत्तर आले: सुमारे पंचाहत्तर हजार वर्षे.

उत्तर आले म्हणजे ताळा करावा. तो प्रत्यक्ष प्रवासावरून करता येतो. यानाच्या मार्गाचे गणित असे सांगते, की ते पृथ्वीपासून एक 'प्रकाशदिवस', म्हणजे प्रकाशाची एका दिवसाची वाट, इतके दूर जाण्याची वेळ २०२६ च्या नोव्हेंबरातली आहे. सुटल्यापासून तोवर एकोणपन्नास वर्षे होतात. एकोणपन्नास वर्षांत प्रकाशाचा एक दिवस! सव्वाचार वर्षांचे दिवस साधारण साडेपंधराशे. त्यांस एकोणपन्नासांनी गुणिले तर शहात्तर हजार वर्षे येतात. दोन्ही उत्तरांत जो थोडा फरक पडला, त्याचे कारण प्रारंभीचा मार्ग. यान प्रथम वाकड्या वाटेने १९७९ साली गुरूजवळून आणि १९८० साली शनीजवळून गेले, आणि त्या दोघांच्या आकर्षणामुळे त्यास पुढचा वेग मिळाला. पहिली वर्षे सरळ दौडीची नव्हती.

एवढ्या मोठ्या आकड्यांनी मन थकते. म्हणून आपण अंतरे आटवून पाहू. पेण-रोहे मार्गावरील निडी हे लहानसे स्थानक घ्या. तेथील फलाटावर सूर्य म्हणून एक वाटाणा ठेवा. सूर्य ते पृथ्वी हे पंधरा कोटी किलोमीटरांचे अंतर एक मीटर मानले, तर सूर्य वाटाण्याहून मोठा राहत नाही, आणि पृथ्वी त्यापासून मीटरभर अंतरावर डोळ्यांस न दिसणारा एक कण होते. शेवटचा ग्रह नेपच्यून तीस मीटरांवर येतो. केसरबाईंचा सूर घेऊन निघालेले यान आज सुमारे एकशे सत्तर मीटरांवर आहे, म्हणजे आठ डब्यांच्या आगगाडीच्या लांबीइतके दूर. आणि तो जवळचा तारा? तो दोनशे अडुसष्ट किलोमीटरांवर, पक्षी सरळ उडेल त्या रेषेने मालवणच्या आसपास सापडतो. या मापात एक प्रकाशवर्ष त्रेसष्ट किलोमीटरांचे होते. यान दिवसाकाठी एक सेंटीमीटर पुढे सरकते. अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी कोरली जात होती, त्या दिवशी ते निडीहून निघाले असते, तरी आज आठच किलोमीटर गेले असते. निडी आणि मालवण यांमध्ये याच्या वाटेवर दुसरा वाटाणा नाही.

अंतर म्हणून प्रकाशाचा काळ वापरण्यात केवळ सोय नाही, हे त्या यानावर काम करणाऱ्यांस रोज अनुभवावे लागते. २०२३ च्या नोव्हेंबरात व्हॉयेजर १ कडून अर्थहीन मजकूर येऊ लागला. त्याच्या एका संगणकातील स्मृतीची एक चकती निकामी झाली होती, आणि तीवरील आज्ञा नाहीशा झाल्या होत्या. त्या आज्ञा तुकडे करून दुसऱ्या जागी बसवावयाच्या असे ठरले. १८ एप्रिल २०२४ रोजी पहिला तुकडा रेडिओलहरींनी पाठविला. या लहरीही प्रकाशाच्याच वेगाने जातात. त्या तेथे पोहोचण्यास साडेबावीस तास लागले आणि उत्तर येण्यास तितकेच. उपाय लागू पडला हे २० एप्रिल रोजी कळले. तिथे कोणी बसलेला असता, तर प्रश्न आणि उत्तर यांत पंचेचाळीस तासांचे मौन पडले असते. जवळच्या ताऱ्याशी असेच संभाषण करावयाचे तर एका प्रश्नास साडेआठ वर्षे.

येथे कोणी म्हणेल, की याहून वेगवान याने आता आहेत. खरे आहे. 'पार्कर' या यानाने २४ डिसेंबर २०२४ रोजी सेकंदास एकशे ब्याण्णव किलोमीटर हा वेग गाठला. या वेगाने भागिले, तर ताऱ्याची वाट सहा हजार सहाशे वर्षांची होते, आणि असे उत्तर छापलेलेही आढळते. परंतु हा भागाकार फसवा आहे. पार्कर तेव्हा सूर्याच्या पृष्ठभागापासून अवघ्या एकसष्ट लाख किलोमीटरांवर होते; तो वेग सूर्याने आपल्याकडे ओढून घेताना दिलेला होता. विहिरीत पडणारा दगड तळाशी सर्वांत वेगाने जातो, म्हणून तो विहिरीबाहेर पडू शकत नाही. पार्कर सूर्यापासून दूर जाऊ लागले की तो सगळा वेग सूर्य परत घेतो, आणि ते पुन्हा फिरून त्याच्याकडे येते. तेव्हा असा आकडा वाचनात आला, तर एकच प्रश्न विचारावा: सूर्याचा पाश तुटल्यावर या यानापाशी किती वेग उरतो? व्हॉयेजरचे सतरा किलोमीटर हे असे उरलेले, आपल्या हक्काचे आहेत.

मग वेग वाढवीत का नाही? पंचाहत्तर हजार वर्षांची वाट पंच्याहत्तर वर्षांत, म्हणजे एका आयुष्यात, संपवावयाची तर वेग हजारपट पाहिजे. परंतु गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. हजारपट वेगास ऊर्जा दहा लाखपट लागते. शिवाय अग्निबाणास आपले इंधन बरोबर वाहून न्यावे लागते, आणि त्या इंधनास वेग देण्यास आणखी इंधन. आणि तेथे थांबावयाचे असेल, तर तेवढाच वेग पुन्हा घालवावयाचा.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर हिशेब अपुरा राहील. पंचाहत्तर हजार वर्षे हे माप आहे, वेळापत्रक नव्हे. व्हॉयेजर मुळी त्या ताऱ्याच्या दिशेने चाललेलेच नाही. त्याची दिशा भुजंगधारी या तारकासमूहाकडची आहे. शिवाय तारेही स्थिर नाहीत. प्रॉक्सिमा आणि त्याचे सोबती सेकंदास वीस-बावीस किलोमीटरांनी आपल्याकडे येत आहेत, म्हणजे व्हॉयेजरहून काहीसे वेगाने! सुमारे सत्तावीस हजार वर्षांनी ते तीन प्रकाशवर्षांवर येतील आणि मग दूर जाऊ लागतील.

यानाची वीज किरणोत्सर्गी द्रव्याच्या उष्णतेतून निघते आणि ती वर्षाला सुमारे चार वॉटनी घटते. त्यामुळे यान काही वर्षांत अबोल होईल. चालणे मात्र थांबणार नाही, कारण तेथे अडविणारे काही नाही; आणि गंजविणारी हवा नसल्याने ध्वनिमुद्रिकाही टिकेल. सुमारे चाळीस हजार वर्षांनी ते ग्लीझ ४४५ नावाच्या मंद ताऱ्याजवळून जाईल. 'जवळून' म्हणजे किती? एक पूर्णांक सहा दशांश प्रकाशवर्षे, पंधरा लाख कोटी किलोमीटर. आपल्या निडीच्या मापात शंभर किलोमीटर. केसरबाईंची भैरवी एखाद्या ताऱ्याच्या दाराशी जाईल ती इतक्या अंतरावरून. आणि ताऱ्यांच्या प्रदेशात यासच समीप जाणे म्हणतात.