पाळी आणि बिघडलेलं पोट

पाळीच्या पहिल्या दिवशी सकाळपासून तीन-चार वेळा पातळ जुलाब, पोटात मुरडा, मळमळ. घरचे विचारतात, "काल बाहेर काय खाल्लंस?" पण हे दर महिन्याला त्याच दिवशी होत असेल, तर दोष खाण्याचा नसतो.

पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन घटतं आणि गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन्स तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशय आकुंचन पावून अस्तर बाहेर टाकतं. शेजारच्या आतड्याचे स्नायूही त्याच जातीचे. त्यांनाही हा आदेश पोहोचतो. आतडं जोरात आवळतं, त्यात पाणी जास्त सुटतं आणि मळ घट्ट व्हायला वेळच मिळत नाही. बाळंतपणातला रक्तस्राव थांबवायला देतात ते मिसोप्रोस्टॉल म्हणजे कृत्रिम प्रोस्टाग्लँडिनच, आणि जुलाब हा त्याचा नेहमीचा दुष्परिणाम.

आयबुप्रोफेन ही निर्मितीच रोखतं. म्हणून ते कळा असह्य होण्याची वाट न पाहता, पाळी सुरू होताच, जेवणानंतर घ्यावं. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मेफेनामिक ॲसिडने मात्र काहींना जुलाब वाढतात.

पाळीत शौचाला बसताना तीव्र वेदना होत असतील किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर एन्डोमेट्रिओसिसची शंका घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.